रागाच्या मेलला उत्तर: आत्ता एक ओळ, बाकी सकाळी

मी बजाजनगरला राहतो, वाळूज एमआयडीसीत क्वालिटीला आहे. एकदा संध्याकाळी साडेसहाला साहेबांचा मेल आला, "तुमच्या निष्काळजीपणामुळे लॉट परत आला." सीसीत सगळं खातं!

मी चार परिच्छेद ठोकले. पण त्याआधी To मधला पत्ता काढून टाकला. Reply दाबलं की तो आपोआप भरतो, आणि चुकून Send होतं ते असंच. जीमेलचं Undo Send जास्तीत जास्त ३० सेकंद चालतं. तेवढ्यात राग कुठे उतरतो?

मग फक्त साहेबांना एक ओळ पाठवली: "मेल मिळाला. तपासणीचं रेकॉर्ड बघून उद्या ११ पर्यंत कळवतो." काहीच कळवलं नसतं, तर त्यांना वाटलं असतं की मी टाळतोय.

सकाळी रेकॉर्ड काढलं. लॉट पास होता, पण ज्या गेजने मोजला त्याच्या कॅलिब्रेशनची तारीख उलटून गेली होती. आणि रात्रीच्या मसुद्यात मी लिहिलेलं, "आमची चूक नाही"! तो पुसला. काय घडलं, का घडलं, आता काय करतोय, एवढंच सगळ्यांना लिहिलं.

अर्थात, कस्टमरची लाइन थांबली असेल तर सकाळची वाट बघायची नाही. सरळ फोन लावायचा.