उधारीची मुदत आणि सवलत मागणारे पत्र

पुरवठादाराला पत्र लिहिण्यापूर्वी त्याच्या बाजूचा हिशेब मांडावा. समजा, कळंबोलीतील एक हार्डवेअर दुकान एका लघुउत्पादकाकडून दरमहा ८०,००० रुपयांचे पाइप घेते व १५ दिवसांनी पैसे देते. माल महिनाभर सारखा येत असेल, तर उत्पादकाचे सुमारे ४०,००० रुपये अडकून राहतात. खरेदी १,२०,००० आणि मुदत ३० दिवस झाली, तर ही रक्कम तिप्पट होते. त्यात सवलत दिल्यास नफाही घटतो. म्हणून दोन्ही मागण्या स्वतंत्रपणे मांडून प्रत्येकीला आधार द्यावा :

'गेल्या वर्षभरातील आपली सर्व बिले आम्ही मुदतीत चुकती केली आहेत. यापुढे दरमहा किमान १,२०,००० रुपयांचा माल घेण्याची आमची तयारी आहे. तरी उधारीची मुदत ३० दिवसांची करावी, ही विनंती. एखाद्या महिन्यात खरेदी १,५०,००० रुपयांहून अधिक झाल्यास त्या महिन्याच्या बिलांवर २ टक्के सवलत मिळावी.'

येथील 'झाल्यास' हे संकेतार्थी रूप सवलतीला खरेदीशी बांधते. 'खरेदी वाढणार आहे, सवलत द्यावी' या वाक्यात तसे बंधन नाही.

मुदतीलाही मर्यादा आहे. सूक्ष्म वा लघु उद्योग म्हणून नोंद असलेल्या उत्पादकाचे पैसे, माल स्वीकारल्यापासून जास्तीत जास्त ४५ दिवसांत देणे २००६च्या अधिनियमाने बंधनकारक आहे. लेखी करार नसल्यास १५ दिवसच मिळतात. म्हणून ६० दिवस मागू नयेत आणि होकार लेखीच घ्यावा.