वास्या शुमकोव्हची कोरडी लेखणी

पीटर्सबर्गच्या कचेरीत वास्या शुमकोव्हबद्दल कुणाची तक्रार नव्हती. गरीब स्वभावाचा पोरगा, खाली मान घालून काम करणारा, अक्षर मोत्यासारखं. एका अंगाने थोडा वाकडा, पण त्यावरून कुणाला त्याची कीव करावीशी वाटावी असं त्याचं वागणं नव्हतं. साहेबांच्या मर्जीतला, मित्रांचा लाडका आणि आता तर लग्न ठरलेला. हा वास्या दोन-तीन दिवसांत वेडा होतो, आणि तो का वेडा झाला हे कचेरीतल्या एकालाही उमगत नाही. फ्योदोर दस्तयेव्हस्की यांची ही कथा 1848 साली ‘ओतेचेस्त्वेन्नीए झापीस्की’ या मासिकात छापून आली. तिच्या नावाचा अर्थ दुबळं काळीज. लेखक तेव्हा 26 वर्षांचा होता. ‘गुन्हा आणि शिक्षा’ यायला अजून अठरा वर्षं होती. त्यामुळे पुढच्या थोरल्या कादंबऱ्यांच्या सावलीत ही कथा राहून गेली. वरून शांत दिसणाऱ्या माणसाच्या पोटातली सततची धास्ती इतक्या जवळून दाखवणारी दुसरी कथा मला माहीत नाही.

गोष्ट घडते नववर्षाच्या आदल्या संध्याकाळी. वास्या आणि त्याचा मित्र अर्कादी एकाच घरात, चौथ्या मजल्यावर राहतात. वास्या घरी येतो तो आनंदाने फुटायच्या बेतात. लिझा नावाच्या मुलीने त्याला होकार दिला आहे. अर्कादी अंगापिंडाने दणकट. तो वास्याला लहान मुलासारखा उचलून घेतो. दोघं बाहेर पडतात, लिझासाठी एका दुकानात सुरेख टोपी घेतात, तिच्या घरी जातात, हसतात, बोलतात. वाचणाऱ्याला वाटतं, ही एका सुखी जोडप्याची गोष्ट आहे.

पण मधेच एका कामाचा विषय निघतो. युलियान मास्ताकोविच नावाच्या बड्या अधिकाऱ्याने वास्याला नकलेचं काम दिलं आहे. टाइपरायटरच्या आधीचा हा काळ. सरकारी कागद दुसऱ्यांदा हवा असेल, तर तो कुणीतरी हाताने उतरवून काढायचा. त्यामुळे सुंदर अक्षर हेच कारकुनाचं भांडवल. कचेरीच्या कामाबाहेर हे जादा काम मिळणं म्हणजे साहेबांची मेहेरबानी आणि वरची चार पैशांची कमाई. काम परवापर्यंत द्यायचं आहे. गेले तीन आठवडे वास्या लिझाकडे चकरा मारतो आहे आणि कागदांना हात लागलेला नाही.

किती उरलंय, असं अर्कादी विचारतो. थोडंच आहे, होईल, असं वास्या सांगतो. मग हळूहळू कळतं की थोडं नाही, पुष्कळ आहे. इथून पुढे कथा वाचताना मी नेहमी सावकाश जातो, कारण दस्तयेव्हस्कींनी इथे धास्तीची सगळी यंत्रणा उघडी करून दाखवली आहे. धास्ती वाटते म्हणून वास्या कागद उघडत नाही. उघडत नाही म्हणून काम साठतं. साठलेलं सांगायची लाज वाटते म्हणून तो आकडा लहान करून सांगतो. एकदा लहान सांगितला की मदत मागायचा दरवाजा त्याने स्वतःच बंद केलेला असतो. बाहेरून पाहणाऱ्याला यातलं काहीच दिसत नाही. त्याला दिसतो तो लग्न ठरलेला, थोडा हवेत असलेला तरुण. वास्याचा आनंद खोटा नाही, आणि म्हणूनच फसायला होतं. त्या खऱ्या आनंदाच्या आडच भीती बसलेली आहे.

भीती कशाची? नोकरी जाण्याची, असं झटकन वाटतं, पण कथा त्याहून खोल जाते. वास्या कर भरणाऱ्या खालच्या वर्गात जन्मलेला. रशियात पीटर द ग्रेटने 1722 मध्ये सरकारी हुद्द्यांच्या चौदा पायऱ्या ठरवून दिल्या होत्या. सामान्य घरातला माणूस चिकाटीने पहिल्या पायरीवर पोचला की त्याचा दर्जाच बदलायचा. वास्याने तो हुद्दा नुकताच आपल्या मेहनतीने मिळवला आहे. जो वर्ग त्याने मागे टाकला त्या वर्गातून लष्करासाठी माणसं उचलली जात, आणि एकदा उचललं की वीस-पंचवीस वर्षं परत येणं नाही. तेव्हा वास्याच्या मनातला तोल कसा आहे पाहा. एका बाजूला हुद्दा, अक्षर, साहेबांची मर्जी, लिझा. दुसऱ्या बाजूला सैनिकाचा डगला. मधे फक्त न उतरवलेली काही पानं. त्याला शिक्षा म्हणून सैन्यात धाडण्याचा विचार कथेत कुणाच्याही मनात येत नाही. तो विचार एकट्या वास्याचा आहे, आणि तो त्याने कुणालाही सांगितलेला नाही.

त्यात भर कृतज्ञतेची. आपली एवढी लायकी नसताना आपल्याला एवढं सुख कसं मिळालं, हा प्रश्न वास्याला छळतो. बाकीचे इतके लोक दुःखात असताना मीच का? साहेबांनी माझ्यावर विश्वास टाकला आणि मी त्यांना असं फेडलं! अर्कादी सरळ मार्ग सुचवतो: मी जातो, त्यांना खरं काय ते सांगतो, मुदत वाढवून घेतो. वास्या पांढराफटक पडतो. ज्याची भीती वाटते त्याच्याच तोंडावर कबुली गेली, तर उरलं काय? अर्कादी चांगला मित्र आहे. तो धीर देतो, चहा पाजतो, झोप म्हणतो. नववर्षाच्या दिवशी साहेबांच्या घरच्या वहीत तुझ्या वतीने मी सही करून येतो, तू लिहीत बस, असंही सुचवतो. या प्रत्येक मदतीने वास्यावरचं ओझं वाढतंच, कारण प्रत्येक मदत म्हणजे आणखी एक उपकार. वाचताना अर्कादीचा राग येत नाही. उलट त्याच्या जागी आपणही हेच केलं असतं हे जाणवतं, आणि त्याने जास्त अस्वस्थ व्हायला होतं.

मग वास्या लिहायला बसतो. रात्र रात्र जागतो. हातात लेखणी, समोर कागद, पापणी लवत नाही. एका रात्री अर्कादीला जाग येते. वास्या लिहितोच आहे. अर्कादी जवळ जाऊन पाहतो, तर लेखणीत शाई नाही. कोरडी लेखणी कागदावरून भराभर फिरते आहे, पान संपलं की उलटलं जातं आहे, आणि सगळी पानं कोरी. वास्याला मात्र वाटतं की अखेर आपल्याला वेग साधला. या प्रसंगात आरडाओरडा नाही, रडणं नाही. त्याचा हात सवयीने तेच काम करतो आहे जे कचेरीतले लोक रोज पाहत आले. टेबलापलीकडून कुणी पाहिलं असतं तर म्हणाला असता, शुमकोव्ह काय मन लावून काम करतोय!

सकाळ होते तेव्हा वास्या घरात नसतो. तो थेट साहेबांपुढे जाऊन उभा राहिलेला असतो. टाचा जुळवलेल्या, हात शिलाईला चिकटवलेले, मान ताठ, नव्याने भरती झालेल्या शिपायासारखा. ज्या शिक्षेची त्याला धास्ती होती ती भोगायला तो स्वतःच हजर झाला आहे. युलियान मास्ताकोविच हळहळतो. मुलगा साधा होता, वागायला शांत होता, असं त्याचं मत. मग तो सांगतो की दिलेलं काम महत्त्वाचं नव्हतं आणि त्याची घाईही नव्हती. हा माणूस दुष्ट नाही. याच नावाचा अधिकारी त्याच वर्षीच्या दस्तयेव्हस्कींच्या दुसऱ्या एका कथेत एका लहान मुलीच्या हुंड्याचा हिशेब मांडताना दिसतो, पण इथे तो खरंच दुःखी आहे. असं कशामुळे झालं, हे जमलेल्यांना हवं असतं. कृतज्ञतेमुळे, एवढंच अर्कादीला सांगता येतं. ते उत्तर कुणालाही पटत नाही.

दस्तयेव्हस्कींनी इथे एक मोठा निर्णय घेतला आहे. सगळी गोष्ट त्यांनी अर्कादीच्या खांद्यावरून दाखवली. वास्याच्या डोक्यात शिरून भीतीचं वर्णन करणं सोपं होतं, पण मग वाचणारा पहिल्या पानापासून शहाणा झाला असता. आपणही त्याच्या सहकाऱ्यांइतकेच उशिरा जागे होतो. तुलनेसाठी चेखव्ह यांची 1883 ची कथा घ्या. नाटकगृहात एका कारकुनाला शिंक येते आणि पुढे बसलेल्या जनरलच्या टकलावर तुषार उडतात. तोही भीतीनेच मरतो. पण तो पुन्हा पुन्हा जाऊन माफी मागतो, बायकोला सांगतो, जनरलला भंडावून सोडतो. त्याची भीती सगळ्यांना दिसते, म्हणून ती कथा हसवते. वास्याची भीती कामात मुरलेली आहे, आणि काम हा गुण मानला जातो.

लेखकाला हे कुठून कळलं, याचा थोडा अंदाज बांधता येतो. त्या काळात दस्तयेव्हस्की संपादक क्रायेव्हस्की यांच्याकडून आगाऊ पैसे घेत आणि ते फेडण्यासाठी त्यांच्याच मासिकासाठी लिहीत. उपकार, मुदत आणि न झालेली पानं हे त्यांच्या स्वतःच्या टेबलावरचं वास्तव होतं. 1849 च्या एप्रिलमध्ये त्यांना राजकीय आरोपाखाली अटक झाली. चार वर्षं सक्तमजुरी भोगल्यावर त्यांना साध्या शिपायाची नोकरी करावी लागली. कथा लिहिताना यातलं काहीच त्यांना ठाऊक नव्हतं. तरी वास्याचा ताठ उभा देह आठवला की हा योगायोग डोळ्यांआड करता येत नाही.

इंग्रजीत ही कथा कॉन्स्टन्स गार्नेट यांच्या अनुवादात ‘व्हाइट नाइट्स’ या संग्रहात सापडते. दोनदा वाचावी. पहिल्यांदा गोष्टीसाठी. दुसऱ्यांदा फक्त वास्याची उत्तरं वाचत जावं: किती काम उरलंय, झोप लागली का, काही होतंय का. यांपैकी प्रत्येक प्रश्न अर्कादी मनापासून विचारतो आणि प्रत्येक वेळी वास्या विषय लिझाकडे, अर्कादीकडे किंवा साहेबांच्या चांगुलपणाकडे वळवतो. तो तसा वळवतो आहे हे अर्कादीच्या ध्यानात किती उशिरा येतं, तेवढं मोजत जावं.