सहा हजार रुपयांतली जाहिरात किती, व्हिडिओ किती?

एखादी रील नेहमीपेक्षा जास्त पाहिली जाऊ लागली, की इन्स्टाग्राम लगेच सुचवतं : ही पोस्ट बूस्ट करा, आणखी लोकांपर्यंत पोहोचा. घरगुती मसाले, हातमागाच्या साड्या किंवा मातीची भांडी विकणाऱ्या माणसाला इथेच पेच पडतो. हातात महिन्याला पाच-सहा हजार रुपये असतात. ते या एका व्हिडिओमागे लावायचे, की त्याच पैशांत आणखी चार व्हिडिओ काढायचे?

हे दोन खर्च दिसायला सारखे असले तरी त्यांतून मिळतं वेगवेगळं. नवा व्हिडिओ काढणं म्हणजे गिऱ्हाइकाला नेमकी कोणती गोष्ट पटते याचा शोध घेणं. जाहिरात असा शोध लावत नाही. जी गोष्ट पटते आहे ती जास्त लोकांपुढे नेणं, एवढंच तिचं काम. त्यामुळे जो व्हिडिओ फुकटात विकत नाही, तो पैसे लावून विकू लागेल याची शक्यता फार कमी असते.

हिशेब कळण्यासाठी एक कल्पित उदाहरण घेऊ. पुण्यातल्या एक बाई घरी गोडा मसाला करून विकतात. अर्ध्या किलोच्या पाकिटाची किंमत ५०० रुपये. धणे, खोबरं, तीळ, दगडफूल, कांडप, पाकीट आणि कुरिअर असा सगळा खर्च वजा जाता एका पाकिटामागे त्यांच्या हातात १५० रुपये उरतात. या धंद्यात सगळ्यात महत्त्वाचा आकडा हाच. एक ऑर्डर मिळवायला १५० रुपयांपेक्षा जास्त खर्च झाला, तर जाहिरात कितीही गाजली तरी पदरचे पैसे जातात.

महिन्याच्या ६,००० रुपयांतले ३,००० त्यांनी अर्ध्या दिवसाच्या चित्रीकरणाला दिले आणि एका बैठकीत पाच व्हिडिओ काढून घेतले. पहिले दहा दिवस जाहिरातीवर एक रुपयाही खर्च केला नाही. मात्र कोणती ऑर्डर कोणत्या व्हिडिओवरून आली हे कळण्याची सोय केली. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसमध्ये आधीच मजकूर भरलेली लिंक तयार करता येते. एका व्हिडिओसोबत 'भरल्या वांग्याचा मसाला हवा आहे' असा मजकूर, दुसऱ्यासोबत वेगळा. संदेश येताच त्याला त्या व्हिडिओचं लेबल लावायचं. लिंक न वापरता जे थेट लिहितात, त्यांना 'कोणता व्हिडिओ पाहिलात?' एवढं विचारायचं.

दहा दिवसांनी चित्र असं दिसलं. खलबत्त्यात मसाला कुटणाऱ्या आजीचा व्हिडिओ ४०,००० वेळा पाहिला गेला आणि त्यातून दोन ऑर्डरी आल्या. चार माणसांच्या भरल्या वांग्याला किती चमचे मसाला लागतो हे दाखवणारा व्हिडिओ जेमतेम ३,५०० वेळा पाहिला गेला, पण त्याने नऊ ऑर्डरी आणल्या. उरलेल्या तिघांच्या मिळून चार. इन्स्टाग्रामची सूचना साहजिकच आजीच्या व्हिडिओसाठी येईल. पैसे मात्र वांग्याच्या व्हिडिओवर लावायला हवेत, कारण तो पाहणाऱ्याच्या मनात आज स्वयंपाकाला काय करायचं हा प्रश्न आहे.

त्यांनी वांग्याच्या व्हिडिओवर १,००० रुपये लावले. जाहिरातीवर १८ टक्के जीएसटी असतो, म्हणजे खरा खर्च १,१८० रुपये. जीएसटी नोंदणी नसलेल्या विक्रेत्याला हा कर परत मिळत नाही, त्यामुळे तो हिशेबात धरायलाच हवा. दहा ऑर्डरी आल्या. एका ऑर्डरीला ११८ रुपये पडले, मागे ३२ रुपये उरले. हुरूप आला म्हणून त्याच व्हिडिओवर आणखी तेवढीच रक्कम लावली. या वेळी सात ऑर्डरी आल्या.

इथे बहुतेक जण फसतात. दोन्ही वेळचा एकत्र खर्च २,३६० रुपये, ऑर्डरी १७, म्हणजे सरासरी १३९ रुपये. १५०च्या आत असल्यामुळे सगळं ठीक वाटतं. पण दुसरी रक्कम वेगळी काढून पाहा : १,१८० रुपयांत सात ऑर्डरी, म्हणजे एकीला जवळपास १६९ रुपये. पहिल्या हजाराने ३२० रुपये मिळवून दिले होते, दुसऱ्याने त्यातले १३० घालवले. सरासरीने हा तोटा झाकला. म्हणून जाहिरातीचा हिशेब एकूण रकमेवर न करता शेवटी लावलेल्या रकमेवर करायचा असतो.

असं का होतं? जाहिरात यंत्रणा आधी अशांना शोधते जे संदेश पाठवण्याची शक्यता जास्त. ते संपले की तिला कमी उत्सुक लोकांकडे वळावं लागतं, किंवा त्याच लोकांना तीच जाहिरात पुन्हा दाखवावी लागते. मेटाच्या अ‍ॅड्स मॅनेजरमध्ये 'फ्रीक्वेन्सी' नावाचा आकडा असतो. एका माणसाला जाहिरात सरासरी किती वेळा दिसली हे तो सांगतो. तो चढत असेल आणि संदेश कमी होत असतील, तर त्या गटातलं गिऱ्हाईक संपत आलं आहे.

अर्थात दहा आणि सात हे आकडे लहान आहेत. एवढा फरक निव्वळ योगायोगानेही पडू शकतो. म्हणून एका दिवसाच्या निकालावर जाहिरात बंद करू नये, आणि तीच रक्कम पाच व्हिडिओंवर दोनशे-दोनशे वाटूनही टाकू नये. मेटाच्या यंत्रणेला जाहिरात कोणाला दाखवायची हे स्थिरपणे शिकायला आठवड्यात साधारण ५० निकाल लागतात. छोट्या विक्रेत्याचे पैसे तेवढे पुरतच नाहीत, वाटले तर मुळीच नाहीत. निकाल म्हणजे काय, हेही आपणच ठरवायचं असतं. उद्दिष्ट म्हणून 'प्रोफाइल भेटी' निवडल्या, तर यंत्रणा प्रोफाइल पाहून जाणारे लोक आणून देते. ऑर्डर हवी असेल तर 'संदेश' निवडावे लागतात.

एक अडचण चित्रीकरणाच्या दिवशीच टाळता येते. लोकप्रिय चित्रपटगीत लावलेली रील सहसा बूस्ट करता येत नाही, कारण त्या गाण्याचे व्यावसायिक वापराचे हक्क विक्रेत्याकडे नसतात. व्हिडिओ चालल्यावर हे कळलं, तर गाणं काढून तो नव्याने टाकावा लागू शकतो आणि मग आधीची पसंती, शेरे सगळं मागे राहतं. म्हणून सुरुवातीपासून स्वतःचा आवाज, फोडणीचा चुरचुराट किंवा हक्कमुक्त संगीत वापरलेलं बरं.

आता पुन्हा त्या ३,००० रुपयांकडे पाहू. पाच व्हिडिओंनी दहा दिवसांत १५ ऑर्डरी आणल्या, म्हणजे एका ऑर्डरीला २०० रुपये. जाहिरातीच्या पहिल्या हजारापेक्षा हे महागच पडलं. तरी तो खर्च वाया गेलेला नाही. त्यातूनच वांग्याचा व्हिडिओ सापडला, आणि तो नसता तर जाहिरातीला लावण्याजोगं काहीच हाती नव्हतं. शिवाय जाहिरात थांबली की तिच्यातून येणारे संदेशही थांबतात. व्हिडिओ मात्र प्रोफाइलवर राहतो आणि नव्या गिऱ्हाइकाला तोच पाठवता येतो.

त्यामुळे दुसऱ्या महिन्याची वाटणी वेगळी होते. १,१८० रुपये पुन्हा वांग्याच्या व्हिडिओला, पण या वेळी पुण्याऐवजी मुंबई-ठाण्यात, जिथे तो अजून दाखवलेला नाही. २,४०० रुपयांत चार नवे व्हिडिओ, आणि त्यांचे विषय व्हॉट्सअ‍ॅपवर लोकांनी विचारलेल्या प्रश्नांतून : आमटीला हा मसाला चालतो का, किती महिने टिकतो, मसालेभातात कधी घालायचा. उरलेले २,४२० रुपये लगेच खर्च करायचे नाहीत. या चारांपैकी एखादा व्हिडिओ आपल्या बळावर ऑर्डरी आणू लागला, तर ते त्याला मिळतात. कोणताच चालला नाही, तर ते पुढच्या चित्रीकरणाला जातात.

सणाच्या तोंडावर मात्र हा क्रम बदलतो. दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी ठरावीक तारखेला बंद होतात, नवा व्हिडिओ चालतो का हे पाहायला दहा दिवस हाताशी नसतात. त्यातच जाहिरातीची जागा लिलावाने विकली जाते आणि त्या दिवसांत मोठ्या कंपन्याही बोली लावत असल्याने ती महाग पडू शकते. म्हणून फराळ विकणाऱ्यांनी व्हिडिओंची चाचपणी श्रावण-भाद्रपदातच उरकून घ्यावी. चकलीचा चालतो की अनारशाचा, हे तेव्हाच कळलं, तर नवरात्रानंतरची जवळजवळ सगळी रक्कम त्या एका व्हिडिओवर लावता येते.