रेकॉर्डिंगचं मिनिट, कामाचे तास

ध्वनिमुद्रण ऐकून शब्दशः उतरवून देणाऱ्यांना, म्हणजे फ्रीलान्स ट्रान्सक्रिप्शन करणाऱ्यांना, मोबदला मिळतो तो रेकॉर्डिंगच्या मिनिटांवर. काम करायला किती तास लागले, हे बिलात कुठेच दिसत नाही. स्वच्छ आवाजाच्या एका तासाला साधारण चार तास लागतात, असा या धंद्यातला रूढ अंदाज आहे. आवाज खराब असला, की तो अंदाज कोलमडतो.

समजा, एका संशोधकाने कांदा उत्पादकाची ४५ मिनिटांची मुलाखत पाठवली आणि दर ठरला मिनिटाला २० रुपये. बिल झालं ९०० रुपयांचं. आवाज स्वच्छ असेल तर तपासणीसकट तीन तासांत काम उरकतं, म्हणजे तासाला ३०० रुपये सुटतात. पण ही मुलाखत फोनवर घेतलेली आहे, मागे पंखा घरघरतोय आणि शेतकऱ्याचा भाऊ मध्येच बोलतोय. अशा रेकॉर्डिंगला साडेसात तास सहज जातात. तेच ९०० रुपये मग तासाला १२० वर येतात.

म्हणून जाणकार माणूस दर सांगण्याआधी फाइल उघडून ऐकतो, आणि फक्त सुरुवात ऐकून थांबत नाही. सुरुवातीला सगळे सावकाश, एकेक करून बोलतात. गोंधळ पुढे सुरू होतो. मधली पाच मिनिटं घड्याळ लावून उतरवून पाहिली, की खरा हिशेब हाती येतो. एकाहून अधिक बोलणारे, बोलीभाषा, गोंगाट यांचा वाढीव दर तेव्हाच ठरवावा. काम पोचवल्यावर तो मागणं जवळपास अशक्य असतं. त्याच वेळी आणखी एक गोष्ट विचारून घ्यायची: ‘म्हणजे’, ‘ते काय’, अर्धवट सोडलेली वाक्यं हे सगळं जसंच्या तसं हवं आहे, की वाचायला सोपं व्हावं म्हणून गाळलेलं चालेल?

मुदतीचं गणितही याच तासांवरून होतं. साडेसात तासांचं काम म्हणजे एक पूर्ण दिवस. तेच कुणी उद्या सकाळी मागत असेल, तर रात्र जागावी लागणार, आणि त्याचे जादा पैसे लावणं रास्तच आहे. शिवाय थकलेल्या कानांकडून चुका वाढतात.

चुकांचं मोजमाप टक्क्यांत होतं. बहुतेक ठिकाणी ९९ टक्के अचूकता मागतात. ऐकायला हा आकडा फार कडक वाटतो. पण मिनिटाला १२० शब्द धरले, तर या मुलाखतीत ५,४०० शब्द होतात, आणि ९९ टक्क्यांतही ५४ चुका बसतात. मोजणीत गळलेला ‘तर’ आणि गळलेला ‘नाही’ सारखेच. वाचणाऱ्याला मात्र ‘कर्ज फेडलं नाही’चं ‘कर्ज फेडलं’ झालेलं परवडत नाही. टक्केवारी मागणाऱ्याने नावं, आकडे आणि नकार यांची वेगळी तपासणी मागायला हवी.

फोनवरचा आवाज नेमका इथेच फसवतो. साध्या फोन-कॉलमध्ये जवळपास ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढाच पट्टा पोचतो. ‘स’ची सळसळ बरीचशी त्याच्या वर असते, ती कापली जाते. मग ‘साठ हजार’ आणि ‘आठ हजार’ यांत फरक करणं अवघड होतं. गोंगाट कमी करणारं सॉफ्टवेअर जास्त जोरात लावलं, तर उरलीसुरली सळसळही जाते. अशा जागी चांगला ट्रान्सक्रायबर अडून बसत नाही. तो [अस्पष्ट 00:12:45] अशी वेळेसह खूण करतो आणि पुढे जातो. दहा मिनिटांनी शेतकरी तोच आकडा पुन्हा, स्पष्टपणे सांगतो. मग मागे येऊन खूण पुसता येते. नाही सांगितला, तर खूण तशीच राहते. अंदाजाने भरलेला आकडा ही सगळ्यात वाईट चूक, कारण ती चूक आहे हे कुणाला कळतच नाही.

याच मुलाखतीचा व्हिडिओ करून कॅप्शन हवी असतील, तर मजकुराचे तुकडे पाडून प्रत्येकाला वेळ द्यावी लागते. प्रचलित एसआरटी फाइलमध्ये एक तुकडा असा दिसतो:

```
14
00:01:07,200 --> 00:01:09,900
पेरणी झाली,
पण पाऊस आला नाही.
```

स्वल्पविरामानंतरचे आकडे सेकंदाचे हजारावे भाग आहेत. नेटफ्लिक्सच्या सर्वसाधारण नियमानुसार एका वेळी दोनच ओळी आणि जास्तीत जास्त सात सेकंद. ओळ कुठे तोडायची, याला इथे फार महत्त्व आहे. ‘पण’ पहिल्या ओळीच्या टोकाला लोंबकळत राहिला, तर वाचणारा अडखळतो. ऐकू न येणाऱ्या प्रेक्षकांसाठी कोण बोलतंय आणि मागे काय वाजतंय, हेही लिहावं लागतं. हे सगळं तयार मजकुरावर चढणारं वेगळं काम आहे. ट्रान्सक्रिप्शनच्याच दरात ते उरकून मागणारे ग्राहक भेटतात. त्यांना कॅप्शनचा मिनिटाचा दर आधीच वेगळा लिहून दिलेला बरा.