'एक ग्रॅम'च्या पाटलीवर सोनं किती?

लग्नसराईत 'एक ग्रॅम सोन्याच्या' पाटल्या, ठुशा, मंगळसूत्रं भरपूर विकली जातात. नावात ग्रॅम असला तरी दागिन्यात तेवढं सोनं असेलच असं नाही. अर्धा सेंटिमीटर रुंदीची एक सपाट पाटली घेऊ. आतबाहेरून मिळून तिचा पृष्ठभाग साधारण २० चौरस सेंटिमीटर भरतो. त्यावर अर्ध्या मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या दोन हजाराव्या भागाएवढा मुलामा द्यायला सुमारे २० मिलिग्रॅम सोनं पुरतं. पूर्ण एक ग्रॅम चढवायचं तर थर २५ मायक्रॉनपर्यंत न्यावा लागेल, आणि ते किमतीत लगेच दिसेल.

मुलामा देताना पितळेची पाटली सोन्याच्या क्षाराच्या द्रावणात बुडवून वीज सोडतात. स्वस्त मालावर थर अर्ध्या मायक्रॉनहूनही बराच पातळ असतो. रोज घातली, भांडी घासताना काढली नाही, तर अशी पाटली काही आठवड्यांत कडांवर उघडी पडते. जाड मुलामा जपून वापरल्यास वर्षभर, कधी त्याहून जास्त टिकतो. कानातलं मात्र त्याच मुलाम्यात कितीतरी जास्त चालतं, कारण त्याला घासणं कमी आणि घामही कमी. टिकाऊपणा ठरतो तो थराच्या जाडीवर आणि दागिना अंगावर कुठे बसतो त्यावर.

व्हर्मेलमध्ये खाली पितळ नसून ९२५ चांदी असते. अमेरिकेतल्या व्यापारी नियमांनुसार वरचा थर किमान अडीच मायक्रॉनचा हवा. गळ्यातली साखळी किंवा कानातलं असेल तर काही वर्षं निर्धास्त काढता येतात. अंगठी तेवढी टिकत नाही. सोनं झिजलं किंवा चांदी हळूहळू थरातून वर आली की दागिना काळवंडतो. पण खालचा धातू मोलाचा असल्याने पुन्हा मुलामा देणं परवडतं.

गोल्ड फिल्डचं तंत्रच वेगळं. इथे सोन्याचा पत्रा उष्णता आणि दाबाने पितळेवर पक्का बसवून मग त्याची तार किंवा पत्रा ओढतात. अमेरिकेहून नातलगांनी आणलेल्या साखळीवर '१४/२० जीएफ' असा शिक्का दिसला, तर वजनाचा विसावा भाग १४ कॅरट सोनं आहे असं समजावं. २० ग्रॅमच्या साखळीत ते एक ग्रॅम होतं, आणि त्यात शुद्ध सोनं जेमतेम ०.५८ ग्रॅम. तरी हा थर मुलाम्याच्या कितीतरी पट जाड असल्याने रोजच्या वापरातही दहा-वीस वर्षं टिकू शकतो.

कोणत्याही मुलाम्याच्या दागिन्याला टूथपेस्ट लावू नका. तिच्यातल्या बारीक कणांनी सोनंच खरवडलं जातं. कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ फडकं पुरे. अत्तर आधी लावावं, दागिना नंतर घालावा. दुकानात मुलाम्याची जाडी मायक्रॉनमध्ये विचारा आणि ती बिलावर लिहून घ्या. दुकानदार सांगत नसेल, तर तो दागिना रोजच्या वापरासाठी घेऊ नका.