किल्ली जुन्या सर्व्हरवरच राहिली

समजा, एका अ‍ॅपची नवी आवृत्ती सोमवारी यायची होती. बांधणी, चाचणी आणि डिजिटल सही आपोआप करणारी ‘पाइपलाइन’ टीमने जेन्किन्सवरून गिटहब अ‍ॅक्शन्सवर हलवली. सहीची किल्ली मात्र जुन्या सर्व्हरवरच राहिली. तिची नोंद कुठेच नव्हती. नव्या व्यवस्थेत बांधणी दरवेळी कोऱ्या मशीनवर होते. तिथे चाचणीपुरती सही लागली. पाइपलाइन हिरवी दिसली, पण फोनवर INSTALL_FAILED_UPDATE_INCOMPATIBLE आले. वेगळ्या सहीचे अपडेट अँड्रॉइड नाकारते.

अशा वेळी टीमप्रमुखाने संबंधितांना सरळ कळवावे: “आवृत्ती गुरुवारी येईल. सदोष प्रत एकाही ग्राहकाकडे गेलेली नाही. किल्ली नव्या व्यवस्थेत सुरक्षित ठेवली आहे. उद्या जुन्या अ‍ॅपवर अपडेट बसवून पाहू. नाही बसले, तर जुन्याच पाइपलाइनवरून आवृत्ती काढू. निकाल दुपारपर्यंत कळवतो.”