नफा कागदावर, पैसा उधारीत

मार्चअखेरीस कंपनीने डीलरच्या गोदामात माल उतरवला आणि बिल केले. पैसे सहा महिन्यांनी येणार, पण नफा त्याच वर्षाच्या हिशेबात धरला गेला. यात बेकायदा काही नाही, हिशेबाची रीतच तशी आहे. म्हणूनच वार्षिक अहवालातला नफा पाहून झाला की रोख प्रवाह पत्रक उघडावे.

समजा, पंप बनवणारी एक कर्जमुक्त कंपनी आहे. वर्षभरात तिची विक्री ७०० कोटींवरून ८०० कोटींवर गेली आणि करोत्तर नफा १०० कोटी झाला. पत्रक सुरू होते ते करपूर्व नफ्यापासून, म्हणजे १३० कोटींपासून. त्यात घसाऱ्याचे ३० कोटी परत मिळवतात, कारण त्यापोटी यंदा कुणाला पैसे दिलेले नसतात. मग खरी गोष्ट सांगणाऱ्या ओळी येतात. ग्राहकांकडचे येणे ९० कोटींनी वाढले, ते वजा. मालसाठा ४० कोटींनी वाढला, तोही वजा. पुरवठादारांचे देणे २० कोटींनी वाढले, तेवढे पैसे हाताशी राहिले, म्हणून ते अधिक. प्राप्तिकराचे ३० कोटी भरले. धंद्यातून हाती उरले फक्त २० कोटी.

विक्री वाढली १०० कोटींनी आणि उधारी ९० कोटींनी. म्हणजे वाढ जवळजवळ सगळी उधारीवरच झाली.

पुढच्या भागात यंत्रसामग्रीवरचा ६० कोटींचा खर्च दिसतो. २० मधून ६० गेले की मुक्त रोख उणे ४० कोटी. तरीही २० कोटींचा लाभांश वाटला. हे ६० कोटी आले कुठून, ते शेवटच्या भागात कळते: नवे कर्ज.

एका वर्षावरून निकाल देऊ नये. नवा कारखाना उभारताना मुक्त रोख उणे होणारच. पाच वर्षांचा करोत्तर नफा आणि पाच वर्षांची धंद्यातली रोकड यांच्या बेरजा शेजारी मांडाव्यात. रोकड सतत मागे पडत असेल, तर उधारी वसूल का होत नाही, हे टिपांमध्ये शोधावे. भाड्याच्या जागांचे हप्ते आणि व्याज आपल्याकडे बहुधा शेवटच्या भागात दाखवतात. दुकानांच्या साखळ्या तपासताना तेही वजा करावेत. बँकांना मात्र ही कसोटी लागू पडत नाही, कारण पैसा हाच त्यांचा माल.

रोकडही खोटी असू शकते. ७ जानेवारी २००९ रोजी सत्यमचे अध्यक्ष रामलिंग राजू यांनी पत्रात कबूल केले की ताळेबंदातली ५,०४० कोटींची रोख व बँक शिल्लक अस्तित्वातच नाही. न मिळालेले ३७६ कोटींचे व्याजही येणे म्हणून दाखवले होते. म्हणून शिल्लक मोठी दिसली, की तिच्यावरचे व्याज खरोखर हाती आले का, ती ओळही पाहावी.